मेहर: निकाहनाम्यातलं कर्ज

नवरा गेला, जनाजा उचलायची वेळ झाली, की घरातली वडीलधारी मंडळी विधवेच्या कानाशी येऊन हळूच सांगतात, ‘मेहर माफ केला म्हण.’ ती रडत रडत मान हलवते आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मयताच्या डोक्यावर देणं राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू असतो. ते देणं नेमकं किती होतं, हे त्या क्षणी कुणी विचारत नाही. मात्र या रिवाजातूनच मेहरचं खरं स्वरूप उघड होतं. मेहर हे नवऱ्यावरचं कर्ज आहे आणि बायको त्याची धनको आहे. कायदाही मेहरकडे असंच पाहतो. मेहरची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यातूनच येतात.

निकाहाच्या वेळी वराने वधूला द्यायची किंवा द्यायची कबूल करायची रक्कम, दागिने किंवा मालमत्ता म्हणजे मेहर. ती वधूच्या बापाला मिळत नाही, तिची स्वतःची असते. हुंडाबंदी कायद्याने १९६१ साली हुंड्याची व्याख्या केली तेव्हा मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातला मेहर स्पष्टपणे त्याबाहेर ठेवला. हुंडा वधूकडून वराकडे जातो, मेहर वराकडून वधूकडे येतो. जुन्या निकालपत्रांत मेहरला विक्रीच्या किमतीची उपमा दिलेली आढळते. १८८६ साली अलाहाबाद हायकोर्टात सय्यद महमूद यांनी अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा या खटल्यात ती वापरली. पण ती केवळ उपमा आहे. निकाहाच्या वेळी रक्कम ठरवलीच नाही तरी निकाह वैध राहतो आणि तिच्या बापाच्या घराण्यातल्या स्त्रियांना मिळालेला मेहर पाहून न्यायालय योग्य रक्कम ठरवतं. किंमत न ठरवता झालेली विक्री अशी टिकली नसती. मेहर विवाहासोबत कायद्यानेच येतो, रक्कम तेवढी पक्षकार ठरवतात.

हनफी पंथात मेहर किमान दहा दिरहम असावा लागतो, कमाल मर्यादा नाही. त्यामुळे दोन टोकं दिसतात. एकीकडे ७८६ रुपये लिहून मोकळे होणारे निकाहनामे असतात. दुसरीकडे दिमाखासाठी नवऱ्याच्या ऐपतीपलीकडचे आकडे लिहिले जातात. ‘लोकांना दाखवायला लिहिलं होतं’ ही सबब न्यायालयात सहसा चालत नाही. कबूल केलेला आकडा पूर्ण द्यावा लागतो. याला ठळक अपवाद अवधचा. तिथल्या १८७६ च्या कायद्याने अवाजवी मेहर नवऱ्याची ऐपत आणि पत्नीची प्रतिष्ठा पाहून कमी करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला.

रकमेइतकंच महत्त्व तिच्या मुदतीला आहे. मेहर दोन प्रकारचा असतो. तात्काळ मेहर बायको मागेल तेव्हा द्यावा लागतो, अगदी संसार चालू असतानाही. लांबणीवरचा मेहर तलाकाने किंवा दोघांपैकी एकाच्या मृत्यूने विवाह संपला की देय होतो. बायको आधी वारली तर तिचे वारस नवऱ्याकडे तो मागू शकतात. निकाहनाम्यात किती भाग तात्काळ आणि किती लांबणीवरचा हे लिहिलेलं नसेल, तर शिया कायद्यात सगळा मेहर तात्काळ समजतात. सुन्नींच्या बाबतीत रिवाज, दोघांची परिस्थिती आणि एकूण रक्कम पाहून न्यायालय वाटणी ठरवतं.

तात्काळ मेहरला एक खास धार आहे. तो दिला नाही तर शरीरसंबंध येण्यापूर्वी बायको नांदायला नकार देऊ शकते. नवऱ्याने ‘बायकोला नांदायला पाठवा’ म्हणून दावा लावला तर तो या एका मुद्द्यावर फेटाळला जातो. संबंध आल्यानंतर हे उत्तर तितकं निर्णायक राहत नाही. सलीमाच्या खटल्यापासून रुळलेली वाट अशी, की न्यायालय नवऱ्याला हुकूमनामा देतं, पण मेहर चुकता करण्याच्या अटीवर. मागणी केल्यावर नवऱ्याने नाकारलं, तर त्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. मागणीच केली नसेल, तर विवाह संपल्याच्या दिवसापासून तीन वर्षं मोजतात. म्हणजे संसार टिकावा म्हणून गप्प बसलेल्या बायकोचा हक्क त्या गप्पपणामुळे बुडत नाही.

तलाक झाला तर तिला आणखी एक वाट आहे. १९८६ च्या मुस्लिम स्त्रियांच्या घटस्फोटविषयक कायद्याच्या कलम ३ नुसार न मिळालेला मेहर ती मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून मागू शकते. हुकूम होऊनही नवरा पुरेशा कारणाशिवाय देत नसेल तर दंडासारखी वसुली आणि शेवटी एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. इथे विवाह कसा संपला याला महत्त्व आहे. खुला घेताना बायको सहसा मेहर सोडते आणि तसं कागदावर लिहूनही देते. १९३९ च्या कायद्याखाली न्यायालयाकडून फारकत घेतली, तर त्याच कायद्याचं कलम ५ तिचा मेहरचा हक्क शाबूत ठेवतं. नवरा बेपत्ता आहे, पोसत नाही किंवा मारहाण करतो, अशी कारणं असताना घाईने खुल्याच्या कागदावर सही करणाऱ्या स्त्रीचं नुकसान होतं ते इथे.

आता विधवेकडे वळू. समजा, एका माणसामागे १६ लाखांची मालमत्ता आहे. बायको, एक मुलगा आणि एक मुलगी असं कुटुंब आहे. चार लाखांचा लांबणीवरचा मेहर दिलेला नाही. हनफी वारसाहक्कात अंत्यविधीचा खर्च आणि कर्जं आधी फेडतात, मगच वाटणी होते. अंत्यविधीचा खर्च बाजूला ठेवला, तर मेहरचे चार लाख आधी बाजूला निघतात आणि १२ लाख उरतात. मुलं असल्यामुळे विधवेचा वारसा आठवा हिस्सा, म्हणजे दीड लाख. उरलेल्या साडेदहा लाखांत मुलाला सात आणि मुलीला साडेतीन लाख. विधवेच्या हाती एकूण साडेपाच लाख येतात. जनाज्यापाशी तिने मान हलवली आणि ती माफी खरी धरली, तर १६ लाखांचा आठवा हिस्सा म्हणजे फक्त दोन लाख उरतात. त्या एका वाक्याची किंमत साडेतीन लाख रुपये आहे. म्हणूनच न्यायालयं अशा माफीकडे संशयाने पाहतात. माफी स्वखुशीने, समजून-उमजून दिलेली असावी लागते. नवऱ्याच्या मृत्यूने भानावर नसलेल्या बाईने दिलेली माफी तिला बांधत नाही, असं कलकत्ता हायकोर्टाने १९२० सालीच म्हटलं आहे.

पण मेहर कर्ज आहे, म्हणजे कर्जाच्या मर्यादाही त्याला लागू होतात. नुसत्या निकाहनाम्याने नवऱ्याच्या घरावर किंवा शेतावर बोजा चढत नाही. वारसांनाही आपल्या खिशातून काही द्यावं लागत नाही, प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या प्रमाणात तेवढं सोसायचं असतं. मालमत्ता सहा लाखांची आणि बिनतारणाची इतर देणी आठ लाखांची असती, तर मेहर धरून १२ लाखांची देणी झाली असती. प्रत्येक धनकोला रुपयाला आठ आणे मिळून विधवेच्या वाट्याला दोन लाखच आले असते. ती बायको होती म्हणून रांगेत पुढे जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने कपूरचंद विरुद्ध कादर उन्निसा बेगम या खटल्यात १९५० च्या दशकात हेच सांगितलं.

या दुबळ्या बाजूवर भारतातल्या मुस्लिम कायद्याने शोधलेला उपाय म्हणजे ताबा. नवऱ्याच्या मालमत्तेचा ताबा विधवेकडे जबरदस्ती किंवा फसवणूक न होता आणि मेहरपोटी आलेला असेल, तर मेहर फिटेपर्यंत ती तो इतर वारसांविरुद्ध राखू शकते. पण त्याला सीमा आहे, हे मैना बीबीच्या खटल्यात दिसतं. तिचा नवरा १८९० मध्ये वारला आणि मालमत्ता तिच्याकडे राहिली. १९०२ मध्ये वारसांनी ताब्यासाठी दावा लावला. न्यायालयाने निकाल दिला की वारसांनी सहा महिन्यांत २५,३५७ रुपये भरावेत आणि ताबा घ्यावा. वारसांनी ते भरले नाहीत. काही वर्षांनी मैना बीबीने आपणच मालक आहोत असं समजून ती मालमत्ता दुसऱ्यांना बक्षीस दिली. पुन्हा दावा झाला आणि प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १९२५ मध्ये निकाल लागला: विधवेला मालकी कधीच मिळाली नव्हती, मिळाला होता तो फक्त ताबा राखण्याचा हक्क. त्यामुळे बक्षीस टिकलं नाही आणि वारस जिंकले. थकबाकीच्या जोरावर हाती आलेली जमीन तिने विकायची, गहाण ठेवायची किंवा बक्षीस द्यायची नसते. तिच्या उत्पन्नाचा हिशोबही तिला ठेवावा लागतो. दुसरीकडे, १९१६ च्या हमीरा बीबी खटल्यात याच कौन्सिलने मेहर थकल्याच्या काळाचा मोबदला म्हणून वाजवी व्याज तिला मंजूर केलं होतं.

शेजारच्या पद्धती पाहिल्या की मेहरचं वेगळेपण स्पष्ट होतं. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्श्याचा हयातभर उपभोग मिळे. तो जमिनीला चिकटलेला हक्क होता आणि मैना बीबीच्या निकालाच्याच वर्षी तो रद्द झाला. हिंदू स्त्रीचं स्त्रीधन आधीच तिच्या मालकीचं असतं, ते फक्त परत मागायचं असतं. मेहर मात्र नवऱ्याने आधी द्यायचा असतो. गोव्यात शरियत कायदा लागू केलेला नाही. तिथे नागरी संहितेखाली वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि अर्ध्यावर पत्नीचा हक्क असतो. मेहर अर्धा संसार देत नाही, तो कबूल केलेलं देणं देतो.

आणि देणं रुपयांत लिहिलं की महागाई ते खाऊन टाकते. वीस-तीस वर्षांनी वसूल होणाऱ्या दहा हजारांत काय येणार? म्हणून मेहर सोन्याच्या तोळ्यांत लिहून घेणं शहाणपणाचं. मेहर-ए-फातिमी ठरवला तर तो सुमारे १,५३१ ग्रॅम चांदी इतका धरतात, आणि चांदीचा भाव काळाबरोबर चालतो. निकाहनाम्यावर सही करण्यापूर्वी मुलीने आणि तिच्या घरच्यांनी तीन गोष्टी वाचाव्यात: मेहर कशात आहे, किती आहे आणि त्यातला तात्काळ किती. मेहर दिला की पावती घ्यावी, निकाहनाम्याची प्रत स्वतःकडे ठेवावी. आणि नवऱ्याच्या मयताच्या घरात माफीचा शब्द निघाला, तर एवढंच सांगावं की हिशोब आधी करू, माफीचं नंतर पाहू.