इंडोनेशियन भाषांतरांतील ‘आपण’

‘हें सूत्र तुम्हांस लागणार नाहीं’ हें व्याख्यानाच्या टिपणांतील वाक्य इंडोनेशियन भाषेंत कसें उतरवावें? जकार्ताच्या बोलींत नकार ‘ङ्गाक’, प्रमाणभाषेंत ‘तिदाक’. टिपण विद्यापीठाचें, तेव्हां ‘तिदाक’च हवें. परंतु ‘तुम्हांस’ याकरितां ‘कामू’ सलगीचें, ‘आन्दा’ कांहींसें दूरस्थ. मी कर्मणि रचना पत्करीन: ‘रुमुस इनि तिदाक दिपर्लुकान’, म्हणजे ‘या सूत्राची आवश्यकता नाहीं’.

खरी फसगत होते ती इंग्रजी ‘वुई’पाशीं. गुरुशिष्य मिळून उदाहरण सोडवितात तेथें ‘कीता’, म्हणजे आपलें ‘आपण’. अध्यापकांनीं स्वतः प्रयोग केला तेथें ‘कामी’, म्हणजे ‘आम्ही’. बोलींत ‘कीता’ दोन्हींकडे चालतें. तीच संवय टिपणांत उतरली, तर न केलेल्या प्रयोगाचें श्रेय विद्यार्थ्यांस मिळावयाचें!