भरण्याआधी विचारा, कमी का झालं?

गेल्या वर्षी गणपतीला आम्ही पुण्याहून गुहागरला जाणार होतो. शनिवारी पहाटे निघायचं ठरलं होतं. गाडी लहान, माणसं पाच: आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. शिवाय डिकीभर सामान. सातारा, उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि पुढे गुहागर असा सुमारे २७० किलोमीटरचा रस्ता. गुरुवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, मी चारही टायरांची हवा मोजली. पुढच्या दोन्ही टायरांत २८ पीएसआय, मागच्या उजव्यात २८ आणि मागच्या डाव्यात २२ भरली.

महिन्यापूर्वी चारही टायरांत ३० भरले होते. म्हणजे तीन टायरांची हवा दोनने उतरली होती. ते साहजिक आहे, कारण चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा जातेच. चौथ्यातून मात्र आठ गेली होती. मी टायरवर साबणाचं पाणी ओतलं आणि गाडी हातभर पुढे ढकलून पुन्हा पाहिलं. खाचेत रुतलेल्या एका बारीक स्क्रूभोवती बुडबुडे येत होते. पंक्चरवाल्याने दहा मिनिटांत काम केलं.

शनिवारी पहाटे निघताना पंपावर थांबून ‘सगळ्यांत सारखी हवा मार’ म्हटलं असतं, तर हा स्क्रू दिसलाच नसता. चारही टायर सारखे झाले असते आणि फरक पुसला गेला असता. तशा अवस्थेत आम्ही कदाचित गुहागरला पोचलोही असतो. पण पाच माणसांचा भार आणि तासन्‌तासांची उष्णता यांनी स्क्रू हलला, की हळू गळणारी हवा भसकन जाऊ शकते. म्हणून लांबच्या प्रवासाआधी गाडी तपासताना माझा एकच नियम आहे: जे कमी झालंय ते भरण्याआधी, ते का कमी झालं हे शोधायचं.

हवा थंड टायरमध्येच मोजायची

हवा किती हवी हे टायरवर नव्हे, गाडीवर लिहिलेलं असतं. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की बहुतेक गाड्यांच्या खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर बहुधा दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि दुसरा भरलेल्या गाडीसाठी. माझ्या गाडीला एरवी ३० लागते, गाडी भरलेली असेल तर पुढे ३२ आणि मागे ३६. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो, तेवढी हवा भरायची नसते.

हे आकडे थंड टायरचे आहेत. टायर तापला की आतली हवा प्रसरण पावते, आणि दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय दाब वाढतो. महामार्गावर तासभर धावलेल्या गाडीत म्हणून चार-पाच पीएसआय जास्त दिसणारच. इथे अनेकजण चूक करतात. वाटेत पंपावर ३६ च्या जागी ४० दिसले की ‘जास्त झाली’ म्हणून हवा सोडायला लावतात. टायर थंड झाल्यावर त्यात ३२ च उरतात. कमी हवेचा टायर फिरताना दर फेरीला बाजूने जास्त दबतो, त्या दबण्याने रबर आणखी तापतं आणि तापलेला टायर थर सुटून फुटू शकतो. उन्हात, भरलेल्या गाडीत, वेगात टायर फुटण्यामागे पुष्कळदा जास्त हवा नसते, कमी हवा असते.

पण पंप घरापासून तीन किलोमीटरवर, तिथे जाईपर्यंत टायर थोडे तापणारच. त्यावर सोपा उपाय आहे. हवा मोजायचं मीटर काही शे रुपयांना मिळतं. घरी थंड टायर मोजा आणि किती कमी आहे ते कागदावर लिहा. माझ्या पुढच्या टायरांत २८ होते, हवे होते ३२, म्हणजे चार कमी. पंपावर त्याच टायरांत ३० दिसले. मी ३२ वर न थांबता ३४ पर्यंत भरायला सांगितलं. घरी जेवढी कमी होती तेवढीच भर घालायची, हा हिशेब चुकत नाही.

हवा मोजायला वाकलोच आहोत, तर टायरच्या खाचांतही पाहावं. खाचेच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. कोकणात भाद्रपदात पाऊस असतोच. एवढ्या उथळ खाचेतून पाणी बाहेर पडत नाही आणि गाडी रस्त्यावर नव्हे, पाण्यावर चालते.

ब्रेक ऑइल खाली का गेलं?

बोनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला सहसा एक छोटी, अर्धपारदर्शक टाकी दिसते. ती ब्रेक ऑइलची. तिच्यावर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ अशा दोन रेघा असतात. माझी पातळी खालच्या रेघेला टेकली होती. ब्रेक ऑइल इंजिनात जळत नाही, उडूनही जात नाही. मग ते गेलं कुठे?

उत्तरं दोनच. एक म्हणजे कुठेतरी गळती. चाकांच्या आतल्या बाजूला, पाइपच्या जोडांवर ओल दिसली, तर गाडी तिथून हलवू नये. दुसरं उत्तर म्हणजे झिजलेले ब्रेक पॅड. पॅड झिजतो तसा त्याला दाबणारा पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्यामागे मोकळ्या झालेल्या जागेत तेल भरतं. तेल गाडीतच असतं, फक्त टाकीत दिसत नाही. आमच्या मेकॅनिककाकांनी चाक काढून दाखवलं. नवा पॅड साधारण दहा मिलिमीटर जाड असतो, माझा जेमतेम तीन उरला होता. काका म्हणाले, “तुम्ही नुसतं तेल भरलं असतं ना, तर पुढचे सहा महिने पॅड बघायची आठवणच झाली नसती. पातळी खाली गेली हेच त्याचं सांगणं असतं.” पॅड बदलताना पिस्टन मागे ढकलला आणि टाकीतली पातळी आपोआप वर आली. एक थेंबही ओतावा लागला नाही.

तेलाचं वयही पाहावं लागतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओलावा मुरलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १५५ वर येते. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. कुंभार्ली घाट उतरताना मात्र पाय सतत ब्रेकवर राहिला, तर चाकाजवळचं तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पेडल स्पंजासारखं मऊ लागतं आणि खाली जातं, गाडी मात्र थांबत नाही. म्हणून बहुतेक गाड्यांत हे तेल दर दोन वर्षांनी बदलावं लागतं. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा, म्हणजे गाडी रोखण्याचं बरंचसं काम इंजिन करतं.

दोन चाचण्या घरीच होतात. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. तसंच दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं, तर ब्रेकला जोर देणारा बूस्टर ठीक आहे. मग इंजिन चालू ठेवून अर्धा मिनिट पेडल दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं, तर आत कुठेतरी दाब निसटतो आहे. मग घाटाचा विचार सोडा आणि गॅरेज गाठा.

इंजिन ऑइल आणि कूलंट यांनाही हाच प्रश्न विचारायचा. सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटं झाल्यावर डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा. तेल दोन खुणांमध्ये हवं. ते दुधाळ दिसलं, तर त्यात पाणी मिसळतंय. कूलंट इंजिन थंड असतानाच पाहावं आणि गरम असताना झाकण कधीच उघडू नये. आठवड्यापूर्वी भरलेलं कूलंट पुन्हा खाली गेलं असेल, तर बाटली आणण्याआधी गळती शोधावी.

स्टेपनी

‘स्टेपनी’ हे नाव आलं वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून. तिथे १९०४ साली मोटारींसाठी जादा चाक बनवण्याचा उद्योग सुरू झाला. शब्द आपण घरचा केला, पण खुद्द चाकाकडे मात्र पंक्चर होईपर्यंत कुणी बघत नाही. माझ्या स्टेपनीत १४ पीएसआय निघाले. दोन वर्षं मी ती मोजलीच नव्हती.

स्टेपनीत स्टिकरवरच्या मोठ्या आकड्याएवढी हवा ठेवावी. जास्त झाली तर रस्त्यात सोडता येते, कमी असेल तर आणणार कुठून? तिचं वयही पाहावं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न धावलेला टायर नवा दिसतो, पण रबर पडूनही म्हातारं होतं, बाजूला बारीक भेगा पडतात. काही गाड्यांची स्टेपनी इतर चाकांपेक्षा लहान असते आणि तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा लिहिलेली असते. ती फक्त जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत जाण्यासाठी. २०२० पासून नियमात मुभा मिळाल्याने काही नव्या गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चरचा संच येतो. त्याने टायरच्या बाजूची चीर बुजत नाही, हे निघण्याआधीच माहीत असावं.

शेवटची गोष्ट नटांची. गॅरेजमध्ये हवेच्या मशीनने आवळलेले नट घरच्या पान्याने सुटतात का, हे अंगणातच बघावं. माझा एक नट पान्यावर उभं राहूनही हलेना. काकांनी सगळे सैल करून हाताने पुन्हा आवळले. जॅक कुठे लावायचा ती जागाही तेव्हाच बोटाने चाचपून घेतली. चाक बदलताना नट आधी सैल करायचे, मगच गाडी उचलायची, नाहीतर चाकच फिरत राहतं. आणि सामान लावताना जॅक व पाना सगळ्यात तळाशी गाडला जाणार नाही, हेही पाहायचं.

गुहागरला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आरतीआधी, मी पुन्हा हवा मोजली. मागचे दोन्ही टायर अगदी सारखे भरले. हे सगळं निघण्याच्या दोन दिवस आधी करा. तपासायला अर्धा तास पुरतो. सापडलेल्या दोषाचं कारण शोधायला एक दिवस लागतो, आणि तो दिवस निघायच्या पहाटे हातात नसतो.