ओढलेल्या दोरीत किती ऊर्जा असते?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघंही वैयक्तिक विश्वविजेते ठरले. दोघांचंही धनुष्य कंपाउंड होतं, म्हणजे पात्यांच्या टोकांना कॅम नावाची चाकं असलेलं. हे धनुष्य पूर्ण ओढून धरलं की बोटांवरचा भार एकदम उतरतो. भार इतका कमी, तरी बाण मात्र साध्या धनुष्यापेक्षा वेगाने सुटतो. ही ऊर्जा येते कुठून?

शाळेत आपण शिकलो, कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. पण दोरी ओढताना बल एक राहतच नाही. मग गुणायचं कोणत्या बलाने?

आधी कॅम नसलेलं धनुष्य घेऊ. हिशेबाला सोपे आकडे धरू: दोरी ५० सेंटिमीटर मागे येते आणि शेवटी १८० न्यूटन, म्हणजे साधारण १८ किलोचं वजन तोलायला लागेल एवढं बल लागतं. सुरुवातीला बल शून्य, पुढे ते समप्रमाणात वाढतं. शेवटच्या बलाने गुणलं तर उत्तर ९० जूल येतं आणि ते चूक आहे, कारण १८० न्यूटन फक्त शेवटच्या क्षणी लागले. आडव्या अक्षावर अंतर आणि उभ्या अक्षावर बल घेऊन आलेख काढला की त्रिकोण मिळतो. त्याचं क्षेत्रफळ, ५० सेंटिमीटर म्हणजे अर्धा मीटर, गुणिले १८०, भागिले दोन: ४५ जूल. हेच खरं कार्य.

क्षेत्रफळच का? कारण दोरी अगदी थोडी, समजा एक मिलिमीटर ओढताना बल जवळपास स्थिर असतं. तेवढ्यापुरतं शाळेतलं सूत्र चालतं, आणि आलेखावर तो गुणाकार म्हणजे एक अरुंद उभी पट्टी. सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ. पट्ट्या अरुंद करत करत ही बेरीज जिथे स्थिरावते, तेच संकलन, कॉलेजातलं इंटिग्रेशन: W = ∫F dx. इथे F = 360x आहे आणि ० ते ०.५ मीटर संकलन केलं की तेच ४५ जूल हाती येतात.

आता कंपाउंड. कमाल बल तेच, १८० न्यूटन. पण कॅमच्या आकारामुळे पहिल्या १२ सेंटिमीटरांतच बल तिथवर चढतं, ४० सेंटिमीटरपर्यंत तिथेच टिकतं आणि शेवटच्या १० सेंटिमीटरांत ४५ न्यूटनवर घसरतं. चढाचा त्रिकोण १०.८ जूल, मधला आयत ५०.४, उताराचा भाग ११.२५. बेरीज सुमारे ७२ जूल. तिरंदाज नेम धरताना पाव बल तोलतो, तरी साठा दीडपटीहून जास्त! आलेखाचं टोक तेवढंच उंच आहे, पण पोट भरलेलं आहे. इथे शेवटच्या बलाने गुणलं असतं तर जेमतेम २२.५ जूल आले असते. म्हणजे एकच चुकीची रीत एका धनुष्याला दुप्पट उत्तर देते आणि दुसऱ्याला तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

खऱ्या कॅमला असं सरळ सूत्र नसतं. दोरीला ताणकाटा अडकवून ठरावीक अंतरांवर बल मोजावं लागतं आणि शेजारच्या दोन नोंदींच्या सरासरीला मधल्या अंतराने गुणून बेरीज करावी लागते. नोंदी विरळ असतील तर हे फसतं. आपल्या कंपाउंडचं बल दर २५ सेंटिमीटरला मोजलं तर उत्तर ५१ जूलच्या आसपास येतं, कारण चढाचं आणि उताराचं वळण नोंदींच्या मध्ये हरवतं. दर साडेबारा सेंटिमीटरला मोजलं तर ७०, दर ५ ला ७२. अंतर कमी करूनही उत्तर फारसं हललं नाही की मोजणी पुरेशी झाली असं समजावं.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो दोरी हळूहळू परत सोडतानाच्या नोंदींचा. त्यांचा आलेख ओढतानाच्या आलेखाच्या थोडा खाली उतरतो. दोन्ही रेषांमधल्या पट्टीएवढी ऊर्जा कॅमच्या आसांत, दोऱ्यांत आणि पात्यांत घर्षणाने उष्णता होऊन गेलेली असते. ही पट्टी पूर्वीपेक्षा रुंद दिसू लागली, तर आधी आस आणि दोऱ्या तपासाव्यात.

खालच्या रेषेखालचं क्षेत्रफळ धनुष्य परत देऊ शकतं, पण तेही सगळं बाणाला मिळत नाही. पाती, कॅम आणि दोरी यांनाही वेग द्यावा लागतो. समजा ७२ जूलपैकी ५७ जूल २५ ग्रॅमच्या बाणाला मिळाले, तर तो सेकंदाला सुमारे ६८ मीटर वेगाने सुटेल. बाण न लावताच दोरी सोडली, तर हे ५७ जूलही धनुष्यातच राहतात. पाती तडकतात, दोरी कॅमवरून निसटते. म्हणून कोणताही प्रशिक्षक रिकामी दोरी सोडू देत नाही.