कट हातावर की वाक्यावर?

रेंगाळणारा शिकवणीचा व्हिडिओ आटोपशीर करताना कट मारायला दोन जागा असतात: हालचाल चालू असताना, किंवा बोलणं जिथे थांबतं तिथे. त्या क्षणी पाहणारा हाताकडून शिकतो आहे की आवाजाकडून, यावर निवड ठरते. तोच तुकडा एकदा आवाज बंद करून पाहावा आणि एकदा डोळे मिटून ऐकावा. ज्याच्यावाचून कृती कळेनाशी होते, ते जपायचं.

उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ घेऊ. उकड मळायला दीड मिनिट लागलं आणि बोलणं जवळपास नाही. इथे कट हालचालीवरच हवा. तळवा उकडीवर दाबला जात असताना, दाब अर्ध्यावर असतानाच, लांबचा शॉट तोडावा आणि जवळच्या शॉटमध्ये तोच दाब पुरा होऊ द्यावा. तिथे गोळा मऊसूत झालेला असतो. नजर हातामागे धावत असल्यामुळे मधला मिनिटभर गेलेला खटकत नाही. कॅमेरा एकाच जागी, तेवढ्याच अंतरावर असेल तर मात्र हात उडी मारल्यासारखा दिसतो. तेव्हा मध्ये परातीचा किंवा पिठाचा एखादा जवळचा शॉट टाकावा लागतो.

पारीला कळ्या पाडण्याचा भागही संथच असतो, पण तिथे बोटांची चाल हाच धडा आहे. पहिल्या मोदकात एकही कट नको. दुसऱ्याला दोन-तीन कळ्यांनंतर थेट टोक मिटताना दाखवलं तरी चालतं.

पाण्यात तूप कशासाठी घालायचं, हे सांगताना बोलणारी व्यक्ती दोनदा अडखळली, तर कट वाक्यावर घ्यावा. चित्रात उकळतं पाणी ठेवून खालचा आवाज कापला की जोड कुणाला दिसत नाही. मराठीत इथे विशेष जपावं लागतं, कारण क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. ‘पिठी घातल्यावर लगेच ढवळायचं नाही’ यातलं ‘नाही’ घाईत तुटलं, तर सूचना उलटी होते. वाक्य पुरं झाल्यावर, पुढच्या श्वासाच्या आधी कापावं. अर्धा श्वास कानाला लगेच टोचतो. पंख्याची घरघर कटवर अचानक बदलत असेल, तर दोन्ही आवाज तीन-चार फ्रेम एकमेकांत मिसळून द्यावेत.

अडचण होते ती हात आणि आवाज एकाच वेळी शिकवत असतात तेव्हा. ‘एक वाटी पिठीला एक वाटी पाणी’ म्हणत पाणी ओतलं जातं. तिथे हालचाल तोडली तर माप दिसत नाही, वाक्य तोडलं तर ऐकू येत नाही. एवढे सेकंद तसेच ठेवावेत आणि वेळ मळण्यातून वाचवावा.