जुना कायदा मरत नाही, झाकला जातो

अनुच्छेद १३(१) नुसार राज्यघटनेपूर्वीचा कायदा मूलभूत हक्कांच्या आड येतो तेवढ्यापुरताच निरर्थक ठरतो. सगळा खेळ या ‘तेवढ्यापुरता’चा आहे.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो संपूर्ण रद्द केला नाही. अल्कोहोल असलेली औषधे व प्रसाधने बाळगण्या-वापरण्यावरच्या बंदीसारख्या काही तरतुदी तेवढ्या काढल्या. उरलेला कायदा स्वतंत्रपणे चालू शकतो का, ही कसोटी होती आणि तो चालू शकत होता. हे विलगीकरणाचे तत्त्व.

ग्रहणाचे तत्त्व १९५५ च्या भिकाजी नारायण धाकरस खटल्यातले. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या मोटार वाहन कायद्यातील १९४७ च्या दुरुस्तीने सरकारला मोटार वाहतूक पूर्णपणे आपल्या हाती घेण्याची मुभा दिली होती. २६ जानेवारी १९५० ला व्यवसायस्वातंत्र्याचा हक्क आला आणि ही तरतूद नागरिकांपुरती निष्प्रभ झाली. कायदा मेलाच, आता तो नव्याने करायला हवा, असे बसमालकांचे म्हणणे. न्यायालयाला ते पटले नाही. परकीयांना हा हक्कच नसल्याने त्यांच्यापुरता कायदा जिवंत होता. घटनेपूर्वीच्या व्यवहारांनाही तो लागू होता. १८ जून १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारी मक्तेदारीला वाट दिली, तेव्हा सावली हटली आणि तोच कायदा पुन्हा लागू झाला.

घटनेनंतर केलेल्या कायद्याला मात्र ही सवलत नाही, असे १९५९ च्या दीपचंद खटल्यात बहुमताने ठरले: हक्कभंग करणारा असा कायदा जन्मतःच मृत.