विजेचा परतीचा रस्ता

सर्किटच्या आकृतीत ग्राउंडचे चिन्ह दहा ठिकाणी काढले, तरी ती दहाही ठिकाणे मिळून एकच बिंदू समजला जातो. स्पाइससारख्या सिम्युलेशन प्रोग्रॅममध्ये या बिंदूचा क्रमांक शून्य असतो आणि व्होल्टेजही कायम शून्य. प्रत्यक्ष पीसीबीवर मात्र ग्राउंड म्हणजे तांब्याची पट्टी, आणि पट्टीला रोध असतो. पुरवठ्याच्या धन टोकाकडून निघालेल्या प्रवाहाला काम करून ऋण टोकाकडे परतावेच लागते. आकृतीत त्याची जाण्याची वाट रेषेने दिसते, परतीची वाट दिसतच नाही. नव्या पदवीधराचे पहिले बोर्ड अनेकदा इथेच अडते.

एक साधे बोर्ड घेऊ. एलएम३५ हा सेन्सर तापमान मोजतो आणि दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. मायक्रोकंट्रोलर ते व्होल्टेज वाचतो आणि ४० अंशांना पंखा चालू करतो. पंखा २ अँपिअर घेतो. आकृती तपासली, तर तिच्यात एकही चूक नाही. तरीही ४० अंश होताच पंखा सुरू होतो, लगेच बंद पडतो, पुन्हा सुरू होतो आणि हा खेळ थांबत नाही. बहुतेक जण आधी प्रोग्रॅममध्ये दोष शोधतात आणि तिथे बराच वेळ घालवतात.

दोष तांब्यात आहे. पीसीबीवरचे नेहमीचे तांबे ३५ मायक्रॉन जाडीचे असते. त्याच्या कोणत्याही चौरस तुकड्याचा, एका बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंतचा रोध सुमारे अर्धा मिलिओहम भरतो, मग तो चौरस लहान असो वा मोठा. १ मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर लांब ट्रॅक म्हणजे असे ५० चौरस एकामागे एक, म्हणजे २५ मिलिओहम. या बोर्डावर मायक्रोकंट्रोलर आणि पंखा दोघांचेही ग्राउंड याच ट्रॅकवरून पुरवठ्याकडे परतते. सेन्सरचे ग्राउंड मात्र थेट पुरवठ्याच्या टोकाला जोडले आहे. पंखा चालू झाला की २ अँपिअर गुणिले २५ मिलिओहम, म्हणजे ५० मिलिव्होल्टने मायक्रोकंट्रोलरचे ग्राउंड वर उचलले जाते. त्याला सेन्सरचे व्होल्टेज तेवढेच कमी दिसते. ५० मिलिव्होल्ट म्हणजे ५ अंश. त्यामुळे ४० अंशांचे ३५ होतात आणि पंखा बंद होतो. प्रवाह थांबताच वाचन पुन्हा ४० वर येते.

याची खात्री करायला महागडे उपकरण लागत नाही. पंखा चालू असताना मल्टिमीटरचे एक टोक मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंड पिनवर आणि दुसरे पुरवठ्याच्या ऋण टोकावर ठेवायचे. आकृतीप्रमाणे हे दोन्ही एकच बिंदू आहेत, पण मीटर त्यांच्यात ५० मिलिव्होल्ट दाखवतो. सिम्युलेशनमध्येही त्या जागी २५ मिलिओहमचा रोध मुद्दाम घातला, तर तोच बिघाड दिसतो.

उपाय लेआउटमध्ये आहे. पंख्याचा परतीचा प्रवाह वेगळ्या रुंद ट्रॅकने थेट पुरवठ्याकडे न्यावा आणि सेन्सरचे ग्राउंड मायक्रोकंट्रोलरच्या ग्राउंड पिनपाशी जोडावे. मग पंख्याचे २ अँपिअर मोजमापाच्या वाटेवर येतच नाहीत.

जलद सिग्नलांचे गणित निराळे आहे. एकदिश प्रवाह कमीत कमी रोधाची वाट धरतो. वारंवारता वाढत गेली की रोधापेक्षा इंडक्टन्स भारी ठरतो, आणि परतीचा प्रवाह ग्राउंड प्लेनमध्ये पसरण्याऐवजी सिग्नलच्या ट्रॅकच्या बरोबर खाली गोळा होतो. तिथेच दोन्ही प्रवाहांमधले वेटोळे सर्वांत लहान राहते. त्या ट्रॅकखाली प्लेनला आडवी फट पडली असेल, तर परतीच्या प्रवाहाला वळसा घालावा लागतो. वळशामुळे २० नॅनोहेन्री वाढले आणि १० मिलिअँपिअर १ नॅनोसेकंदात बदलले, तर ०.२ व्होल्टचा झटका बसतो. आठ लाइनी एकाच फटीवरून एकदम बदलल्या, तर झटका दीड व्होल्टच्या पुढे जाऊ शकतो. शिवाय ते मोठे वेटोळे अँटेनासारखे रेडिओ लहरी सोडते. इथे क्लॉकचा वेग पाहून भागत नाही. क्लॉक १ मेगाहर्ट्झचा असला, तरी चढउतार १ नॅनोसेकंदाचा असेल तर त्रास तेवढाच.

म्हणूनच अॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड वेगळे करायचे म्हणून प्लेन कापण्याची सवय घातक ठरते. प्लेन अखंड ठेवून दोन्ही प्रकारचे भाग त्यावर वेगवेगळ्या बाजूंना मांडणे बहुतेक बोर्डांना पुरते. फट टाळताच येत नसेल, तर जलद ट्रॅक तिच्यावरून न नेता तिला वळसा घालून न्यावा.

हा दोष ऑसिलोस्कोपवर पाहतानाही सावध राहावे लागते. प्रोबची १५ सेंटिमीटर लांब ग्राउंड क्लिप हीसुद्धा परतीची वाटच आहे. तिच्या इंडक्टन्समुळे पडद्यावर दिसणारी थरथर बोर्डाची की प्रोबची, हे सांगता येत नाही. क्लिप काढून टोकाशी आखूड स्प्रिंग लावल्यावरही थरथर राहिली, तरच ती बोर्डाची मानावी.