काम अडलं, हे मशीनने माणसाला कसं सांगावं? चार भागांच्या रिपोर्टची गोष्ट

3 फेब्रुवारी 2020 रोजी जगभरातल्या अनेक ऑफिसांमध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स उघडेना. हॅकिंग झालं नव्हतं की सर्व्हर जळाला नव्हता. एका डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपली होती आणि ते वेळेत बदललं गेलं नव्हतं. कंपनीने स्वतःच हे कारण सांगितलं. नवीन सर्टिफिकेट बसवल्यावर काही तासांनी सेवा सुरू झाली.

सर्टिफिकेट बदलण्यासारखी कामं आज बहुतेक ठिकाणी माणूस करत नाही. ठरलेल्या वेळी एक प्रोग्रॅम आपोआप चालतो आणि काम उरकतो. पण एखाद्या दिवशी हा प्रोग्रॅम मध्येच अडला आणि पुढचं काम माणसाशिवाय होणार नसेल, तर त्याने काय कळवायचं? नुसतं 'एरर आली' एवढं पुरत नाही. अशा रिपोर्टमध्ये चार गोष्टी लागतात: काय करायचा प्रयत्न झाला, कशामुळे अडलं, माणसाने काय करायचं आणि पुढचा प्रयत्न कधी. एका उदाहरणातून हे समजून घेऊया.

आधी, सर्टिफिकेटचं काम कसं चालतं?

ब्राउझरमध्ये वेबसाइटचा पत्ता `https` ने सुरू होतो, त्यामागे हे सर्टिफिकेट असतं. आपण खऱ्याच साइटशी बोलतोय आणि मधलं कुणी ऐकत नाहीये, याची ती हमी. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही ना-नफा संस्था अशी सर्टिफिकेट फुकट देते. त्यांची नेहमीची मुदत 90 दिवसांची असते.

दर तीन महिन्यांनी हे कोण लक्षात ठेवणार? म्हणून सर्व्हरवर 'सर्टबॉट' नावाचा प्रोग्रॅम बसवतात. तो साधारणपणे दिवसातून दोनदा जागा होतो आणि मुदत पाहतो. 90 दिवसांच्या सर्टिफिकेटचे 30 पेक्षा कमी दिवस उरले असतील, तर नवीन मागतो. मग लेट्स एन्क्रिप्ट खात्री करतं की मागणारा खरोखर त्या साइटचा मालक आहे. त्याची नेहमीची पद्धत सोपी आहे: सर्टबॉट साइटवर एक छोटी फाइल ठेवतो आणि लेट्स एन्क्रिप्टचे सर्व्हर बाहेरून येऊन ती वाचतात. हे वाचन पोर्ट 80 मधून सुरू होतं. पोर्ट म्हणजे सर्व्हरचं एक दार. साधं `http` येतं ते 80 नंबरच्या दाराने, `https` येतं ते 443 नंबरच्या दाराने.

मग अडतं कुठे?

समजा, एका नाट्यसंस्थेची तिकीट विक्रीची साइट आहे, `tickets.example.org`. तिचं सर्टिफिकेट 1 ऑगस्टला मिळालं, मुदत 30 ऑक्टोबरपर्यंत. सप्टेंबरमध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्याने सुरक्षेसाठी फायरवॉलचे नियम कडक केले आणि 'जुनं दार कशाला उघडं ठेवायचं' म्हणून पोर्ट 80 बंद केलं. साइट चालूच राहिली, कारण प्रेक्षक 443 च्या दाराने येतात. तिकिटं विकली जात होती. कुणाला काहीच खटकलं नाही.

30 सप्टेंबरला मुदतीचे 30 पेक्षा कमी दिवस उरले. संध्याकाळी सर्टबॉटने नवीन सर्टिफिकेट मागितलं. लेट्स एन्क्रिप्टचे सर्व्हर फाइल वाचायला आले, पण दार बंद होतं. सर्टबॉटने आपल्या लॉगमध्ये हे लिहून ठेवलं:

```
Domain: tickets.example.org
Type:   connection
Detail: 203.0.113.10: Fetching http://tickets.example.org/.well-known/acme-challenge/...:
        Timeout during connect (likely firewall problem)
```

हा मजकूर सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये गेला. ती फाइल रोज उघडून कुणी वाचत नाही. पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्ट ईमेल पाठवायचं. ती सेवा त्यांनी 4 जून 2025 पासून बंद केली. म्हणजे आता कळवण्याची जबाबदारी साइट चालवणाऱ्याच्याच व्यवस्थेवर आहे.

'फेल' आणि 'अडलं' यात फरक आहे

नेट क्षणभर गेलं म्हणून प्रयत्न फसला, तर ते 'फेल'. बारा तासांनी तोच प्रोग्रॅम पुन्हा चालेल आणि काम होईल. त्यासाठी कुणाची झोपमोड करायची गरज नाही. बंद दाराचं तसं नाही. सर्टबॉट शंभर वेळा चालला तरी दार उघडणार नाही. फायरवॉल होस्टिंग कंपनीच्या पॅनेलवर आहे आणि तिथे लॉगिन करायचा अधिकार सर्टबॉटला दिलेला नाही. दिलेला नाही हेच बरं. आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला सर्व्हरची दारं उघडण्याचा हक्क देणं हा मोठा धोका आहे.

म्हणून इथे माणूस लागतो. त्या माणसाच्या हातात पडणारा रिपोर्ट असा हवा:

> विषय: अडलं – tickets.example.org चं सर्टिफिकेट, 28 दिवस शिल्लक
>
> काय केलं: 2 ऑक्टोबरला सकाळी सर्टिफिकेट नूतनीकरणाचा प्रयत्न केला. हा चौथा प्रयत्न, पहिला 30 सप्टेंबरला. जुनं सर्टिफिकेट जागेवर आहे, साइट चालू आहे, कशातही बदल झालेला नाही.
>
> कशामुळे अडलं: लेट्स एन्क्रिप्टला पोर्ट 80 वर पोहोचता आलं नाही. मूळ संदेश: `Timeout during connect (likely firewall problem)`. अंदाज: फायरवॉलमध्ये पोर्ट 80 बंद आहे.
>
> कुणी काय करायचं: सर्व्हर सांभाळणाऱ्याने (ते रजेवर असल्यास ऑफिस व्यवस्थापकाने) होस्टिंग पॅनेलवरच्या फायरवॉलमध्ये पोर्ट 80 सर्व पत्त्यांसाठी उघडावं. मग सर्व्हरवर `sudo certbot renew --dry-run` चालवून पाहावं.
>
> पुढचा प्रयत्न: आज संध्याकाळी, आपोआप. दार उघडल्यावर वेगळं काही करायचं नाही. 20 ऑक्टोबरपर्यंत काम झालं नाही तर फोनने कळवलं जाईल. 30 ऑक्टोबरनंतर प्रेक्षकांना ब्राउझर धोक्याचा इशारा दाखवेल.

आता एकेक भाग पाहूया.

काय केलं: आता परिस्थिती काय आहे, तेही सांगा

या भागातलं सगळ्यात उपयोगी वाक्य शेवटचं आहे: साइट चालू आहे, कशातही बदल झालेला नाही. रिपोर्ट वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न असतो, 'आत्ता काही बंद पडलंय का?' त्याचं उत्तर मिळालं की तो घाईत चुकीची बटणं दाबत नाही. काम अर्धवट झालं असेल, तर कुठपर्यंत झालं तेही इथेच लिहायचं.

कशामुळे अडलं: पुरावा वेगळा, अंदाज वेगळा

मूळ संदेश जसाच्या तसा द्यायला हवा, कारण एका शब्दाने निदान बदलतं. `Timeout` म्हणजे दार ठोठावलं, पण आतून काहीच उत्तर आलं नाही. बहुतेक वेळा हे फायरवॉलमुळे होतं. `Connection refused` असेल तर मशीनपर्यंत पोहोचता आलं, पण त्या दारामागे कुणी नव्हतं. म्हणजे वेब सर्व्हर बंद असण्याची शक्यता जास्त. आणि `unauthorized` सोबत 404 दिसला, तर दार उघडं आहे, पण फाइल सापडली नाही. अशा वेळी साइटचा पत्ता भलत्याच सर्व्हरकडे जातोय का, हे आधी बघतात.

रिपोर्टने हे तिन्ही 'कनेक्शन एरर' या एका शब्दात गुंडाळले, तर वाचणाऱ्याला तपास शून्यापासून करावा लागतो. नुसता अंदाजच लिहिला आणि तो चुकला, तर माणूस दिवसभर भलतीकडेच शोधत बसतो.

कुणी काय करायचं: 'कृपया तपासा' चालत नाही

अडलेल्या कामाचे बहुतेक रिपोर्ट इथेच फसतात. 'कृपया तपासा' असं पाच जणांना पाठवलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बघतोय. म्हणून एक माणूस, एक कृती. 2 ऑक्टोबरला गांधी जयंतीची सुट्टी असते, त्यामुळे तो नसेल तर कोण, हेही हवं.

कृती नेमकी असावी लागते. उदाहरणात 'सर्व पत्त्यांसाठी' असं मुद्दाम लिहिलं आहे. सावध माणूस दार फक्त लेट्स एन्क्रिप्टपुरतं उघडायला जाईल. पण लेट्स एन्क्रिप्ट एकाच वेळी वेगवेगळ्या ठिकाणांहून तपासणी करतं आणि त्या सर्व्हरच्या पत्त्यांची यादी जाहीर करत नाही. ही अट लिहिली नाही, तर माणूस काम करेल, 'झालं' म्हणेल आणि संध्याकाळी प्रोग्रॅम पुन्हा अडेल. सगळ्यांसाठी पोर्ट 80 उघडायचंच नसेल, तर साइटच्या डीएनएस नोंदीतून मालकी सिद्ध करण्याची दुसरी पद्धत आहे. पण ती आधी वेगळी बसवावी लागते.

काम झालं की नाही हे कसं ओळखायचं, तेही या भागात येतं. `--dry-run` म्हणजे रंगीत तालीम. सर्टबॉट चाचणीच्या सर्व्हरवर सगळी प्रक्रिया करून बघतो आणि खरं सर्टिफिकेट बदलत नाही. ती यशस्वी झाली की दार नीट उघडलं आहे.

पुढचा प्रयत्न: वेळ, मर्यादा आणि शेवटची तारीख

पुढचा प्रयत्न कधी, हे माहीत नसेल तर माणूस स्वतःच पुन्हा पुन्हा बटण दाबतो. इथे ते अंगाशी येऊ शकतं. लेट्स एन्क्रिप्ट एका खात्याला एका पत्त्यासाठी तासाला पाचच फसलेल्या तपासण्या करू देतं. त्यानंतर दार उघडलं तरी काही काळ नकारच मिळतो. आता अडथळा दुसराच आहे, हे न कळल्याने गोंधळ वाढतो. खरा प्रयत्न न करता आधी तालीम करायची, ती यासाठीच.

'28 दिवस शिल्लक' हा आकडा विषयातच असण्यालाही कारण आहे. दिवसातून दोनदा तोच रिपोर्ट आला, तर चौथ्या दिवशी लोक तो न वाचताच डिलीट करतात. म्हणून पहिल्या दिवशी पूर्ण रिपोर्ट पाठवायचा. त्यानंतर त्याच धाग्यात फक्त प्रयत्नांची संख्या आणि उरलेले दिवस बदलायचे. 20 तारखेनंतर मात्र ईमेलवर न थांबता फोन करायचा.

आणि रिपोर्टच आला नाही तर?

या पद्धतीला एक मोठी मर्यादा आहे. सर्टबॉट चाललाच नाही किंवा ईमेल पाठवणारी यंत्रणाच बंद पडली, तर 'अडलं' असं सांगणारं कुणी उरत नाही. शांतता म्हणजे सगळं ठीक, असं वाटत राहतं. म्हणून दुसऱ्या एखाद्या मशीनवरून रोज साइटच्या सर्टिफिकेटची तारीख बाहेरून तपासतात. 25 पेक्षा कमी दिवस उरलेले दिसले, तर नूतनीकरण कुठेतरी अडलंय, मग रिपोर्ट येवो न येवो.

हे प्रसंग पुढे जास्त वेळा येतील, कारण सर्टिफिकेटची मुदत कमी होत चालली आहे. ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या मंचाने एप्रिल 2025 मध्ये ठरवलं की 15 मार्च 2029 पासून कोणत्याही सार्वजनिक वेबसाइटचं सर्टिफिकेट जास्तीत जास्त 47 दिवसांचं असेल. नाट्यसंस्थेच्या रिपोर्टमध्ये 28 दिवस हातात होते. तेव्हा ते इतके नसतील.